बोटातला पू आणि पित्ताशयातले खडे: दोन भुलींचा माझा अनुभव

प्रश्न: लोकल आणि जनरल ॲनेस्थेशियात नेमका फरक काय? लोकल भूल दिल्यावर कापताना काहीच कळत नाही ना?

कळतं. हात लावलेला कळतो, दाबलेलं कळतं, ओढलेलं कळतं. जायला हवं ते दुखणं, आणि तेही प्रत्येक वेळी जात नाही. हे मी शिंगाळ्यामुळे शिकले.

आम्ही डिचोलीचे. मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरात घुसला. चौथ्या दिवशी बोट टम्म सुजलं, रात्रभर ठणकलं, आतला पू बाहेरून पिवळा दिसायला लागला. ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सुजलेल्या टोकातच लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत चिरा घेतला. मी किंचाळले. ते म्हणाले, "बाई, भूल दिली आहे, नुसता दाब जाणवतो." सोबत नणंद होती. तिने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "वहिनीला काही म्हणून सहन होत नाही, भूल देऊनसुद्धा रडली." तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात हे ऐकते आहे.

पाच वर्षांनी पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात झालं. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. "आधी कधी भूल घेतलीय?" असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं." मग समजावलं. लिग्नोकेन नसेच्या पडद्यातून आत शिरतं आणि सोडियमची दारं बंद करतं, म्हणून दुखण्याचा निरोप पुढे जात नाही. पण पू झालेली जागा आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते. तिथे औषधाच्या बहुतेक कणांवर विद्युतभार येतो आणि ते त्या पडद्यातून जातच नाहीत. त्यात सुजलेल्या जागी रक्त जास्त खेळतं, औषध वाहून जातं. म्हणून बोटात पू असेल तर इंजेक्शन सुजेत न देता बोटाच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, चांगल्या मांसात द्यायचं. मग पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि चिरण्याआधी सुईने टोचून विचारायचं. टोचलेलं टोकदार लागलं तर भूल चढलेली नाही. नुसतं बोथट दाबल्यासारखं लागलं तर चढली आहे. बारीक नसा, म्हणजे दुखणं वाहणाऱ्या, सहसा आधी बंद पडतात आणि स्पर्श, दाब वाहणाऱ्या जाड नसा मागून. म्हणून दाब उरतो हे त्या डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं. पण मला लागलं ते सुरीचं टोक होतं.

आता जनरल. सलाईनच्या नळीतून पांढरं दुधासारखं औषध गेलं, मनगटापासून कोपरापर्यंत हात चुरचुरला, आणि लगेच कुणीतरी हाक मारत होतं, "ताई, डोळे उघडा." मधले दोन तास माझ्यासाठी झालेच नाहीत. झोपेतून उठल्यावर बराच वेळ गेला एवढं तरी वाटतं, इथे तेही नाही. शिवाय झोपलेल्या माणसाला टोचलं तर तो उठतो.

पण शुद्ध हरपली म्हणजे शरीर गप्प बसलं असं नाही. ते पांढरं प्रोपोफॉल शुद्ध घालवतं, वेदना मारत नाही. चिरा घेताच जखमेचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो, नाडी आणि रक्तदाब वर चढतात. म्हणून फेंटानिलसारखं वेदनेचं औषध वेगळं देतात. माझ्या पोटावरच्या चारही छिद्रांत त्यांनी लोकलसुद्धा टोचली होती. रात्री तिचा असर उतरला तेव्हा दुखायला लागलं आणि मी नर्सबाईंना सांगून गोळी मागून घेतली. कुणी मला नाजूक म्हटलं नाही.

स्वच्छ जागी, चामखीळ काढताना किंवा टाके घालताना, लोकल बहुतेक वेळा उत्तम चालते. तिला घाबरून जनरल मागू नका. इंजेक्शनचे डोस मात्र वाढवत नेता येत नाहीत. ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडाला धातूची चव आली किंवा कानात गुणगुण झाली तर लगेच सांगा, औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण आहे. जनरलमध्ये मधेच भान येणं अगदी क्वचित घडतं. ब्रिटन-आयर्लंडच्या 2014 च्या मोठ्या पाहणीत साधारण 19,000 भुलींमागे एकाने तशी तक्रार केली होती. मी डॉक्टर नाही, हे मॅडमकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं.

टेबलावर असताना "दुखतंय" एवढंच म्हणू नका, "टोकदार टोचतंय, थांबा" असं म्हणा. बोटात पू असेल तर "मुळाशी भूल देणार ना?" हे सुरी उचलण्याआधी विचारा. आणि घरात कुणी भूल देऊनही रडलं, तर आधी इंजेक्शन कुठे दिलं होतं ते विचारा. माझ्या नणंदेने ते कधीच विचारलं नाही.