थकलेल्या बिलाचं माफीपत्र: तुझ्या मसुद्याविषयी

प्रिय,

बोल्टच्या पुरवठादाराला पाठवायचा तुझा मसुदा वाचला. "काही अपरिहार्य कारणांमुळे आपले पेमेंट होऊ शकले नाही, लवकरात लवकर करू, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." वाक्यं नीट आहेत, पण बोल्टवाल्याला यातून काहीच कळत नाही. कोणतं बिल, किती रुपये आणि कधी, एवढंच त्याला हवं असतं. त्यालाही वायरवाल्याला पैसे द्यायचे असतात. "लवकरात लवकर" सांगून त्याला पुढची तारीख देता येत नाही.

म्हणून आधी शब्द नाही, तारीख शोध. बिल १,८६,४४० रुपयांचं, माल ६ जुलैला मिळाला, ठरलेली उधारी ३० दिवस, म्हणजे मुदत ५ ऑगस्ट. आज ४ तारीख. बँकेत २,९०,००० आहेत. त्यातून पगाराचे १,४८,०००, वीजबिलाचे १४,००० आणि २० तारखेच्या जीएसटीचे ५४,००० बाजूला काढले की ७४,००० उरतात. यातले ६०,००० उद्याच देता येतील. सगळे ७४ देऊन टाकू नकोस. मध्येच टेम्पोचं भाडं निघालं, तर त्याला दिलेलाच शब्द मोडायची वेळ येईल.

उरलेले १,२६,४४० ज्या ग्राहकाच्या २,४०,००० मधून द्यायचे आहेत, तो म्हणतो १८ ऑगस्ट. त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस, त्याचं लेजर उघड. मागची तीन पेमेंटं ३, ६ आणि ४ दिवस उशिरा आली आहेत. सरासरी काढू नकोस, सगळ्यात वाईट आकडा धर: १८ अधिक ६ म्हणजे २४, वर एक दिवस राखून २५ ऑगस्ट. पुरवठादार "२०ला द्या ना" म्हणेल आणि संकोचून तुझ्या तोंडून हो निघेल. तिथेच गडबड होते, कारण पहिला उशीर लोक चालवून घेतात, दुसरी चुकलेली तारीख नाही.

आधी फोन कर, मग मेल पाठव, आणि दोन्ही गोष्टी मुदत संपायच्या आत. त्याचा तगाद्याचा फोन आल्यावर गेलेली माफी सबबच वाटते. मेल असा असू दे:

"विषय: बिल क्र. २१७, रु. १,८६,४४०, पेमेंटची नवी तारीख

नमस्कार साहेब,
आपलं वरील बिल ५ ऑगस्टला देय आहे. ते पूर्ण रकमेने वेळेत देता येत नाही, ही चूक आमची आहे, त्याबद्दल माफी मागतो. आमची एक येणी रक्कम अडकली आहे.
५ ऑगस्टला रु. ६०,००० एनईएफटीने पाठवतो. बाकी रु. १,२६,४४० मंगळवार, २५ ऑगस्टपर्यंत जमा होतील. दोन्ही वेळी यूटीआर नंबर कळवू. यात आपली अडचण होत असेल तर जरूर फोन करा."

येणी अडकल्याचं एकच वाक्य ठेवलंय ते मुद्दाम. ग्राहकाचं नाव, त्याचा स्वभाव, बाजारातली मंदी हे लिहायला लागलास की माफी पातळ होते. त्याने माल तुला दिलाय, तुझ्या ग्राहकाला नाही. याच मेलमध्ये पुढची ऑर्डरही घुसवू नकोस. बिलात खरंच दर किंवा नग चुकला असेल तर ते वेगळ्या मेलने कळव, आणि तेही बिल आलं त्या आठवड्यात. मुदतीच्या आदल्या दिवशी आठवलेली चूक कुणालाच खरी वाटत नाही.

एक कायद्याची बाजू. त्याच्या बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक आहे का बघ. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची उधारी दोघांनी लिहून ठरवली तरी चालत नाही. उधारी ३० दिवसांची ठरली असेल तर मुदत ३०च धरली जाते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू शकतं. त्याने २५ तारीख मान्य केली, तर त्याचा चांगुलपणा समज, कायद्याने मिळालेली सूट नव्हे. "व्याज लावू नये ही विनंती" असं तर लिहूच नकोस, त्याने काढला नसलेला विषय तूच काढून देशील.

तो खात्रीसाठी पुढच्या तारखेचा चेक मागेल. त्या दिवशी खात्यात पैसे असतीलच अशी खात्री नसेल तर नम्रपणे नाही म्हण. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८खाली फौजदारी तक्रार होऊ शकते.

६०,००० पाठवताना रिमार्कमध्ये बिल क्रमांक टाक, नाहीतर तिकडचा अकाउंटंट ते जुन्या बाकीत वळते करेल आणि २१७ पूर्ण थकलेलंच दिसेल. २१ तारखेला ग्राहकाला फोन लाव. पैसे येणार नाहीत असं दिसलं तर बोल्टवाल्याला त्याच दिवशी सांग, २५च्या संध्याकाळी नको.

सुधारलेला मसुदा उद्या सकाळी दहाच्या आत पाठव.