क्लायंट खुश आहे, पण 'दोन ओळी लिहून द्या' म्हटलं की 'देतो देतो' म्हणत महिने जातात. अभिप्राय नेमका कसा मागायचा?

नागपुरात मी घरांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतो. या एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या भाऊजींचं दोन वर्षं वाजलेलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आम्ही दोघं मिळून काम करायचो. भाऊजींचं म्हणणं असं की लोकांना लिहायला वेळ नसतो, आपणच मजकूर लिहून पाठवायचा, त्यांनी फक्त 'हो' म्हणायचं. तसे सहा अभिप्राय त्यांनी जमवले. सगळ्यांत 'वेळेवर काम, उत्तम दर्जा, नम्र सेवा'. एक दिवस मनीषनगरातल्या एका गृहस्थांनी ते वाचले आणि मला विचारलं, "हे सगळे एकाच माणसानं लिहिले का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम गेलं. ते गेल्यापेक्षा मला हे जास्त लागलं की त्या सहांपैकी चार घरांत मी स्वतः उन्हात उभा राहिलो होतो, आणि त्या घरांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

माणूस लिहीत नाही ते आळसानं नाही. समोर कोरा चौकोन असतो आणि कुठून सुरू करायचं ते कळत नाही. प्रतापनगरच्या एका काकूंना मी पहिल्यांदा असंच 'दोन ओळी लिहा' म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काय लिहू बाप्पा मी? तुम्हीच लिहून घ्या ना." त्यांचं काम मे महिन्यात झालं होतं. गच्चीवर दोन दिवस पाणी साचवून दाखवलं होतं, पण तेव्हा त्या काय सांगणार? खरी परीक्षा पावसाची. म्हणून मी थांबलो. जुलैत दोन दिवस सलग पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर हे पाठवलं:

"काकू, नमस्कार. परवाच्या पावसात देवघराची भिंत कशी राहिली? वेळ मिळेल तेव्हा तीन गोष्टी बोलून पाठवाल का, लिहू नका. आधी काय त्रास होता? मला काम देताना मनात काय धाकधूक होती? आता काय फरक वाटतो? तुमच्यासारख्याच गळक्या गच्चीवाल्यांना दाखवायचं आहे. टाकण्याआधी तुम्हाला वाचायला देईन."

तासाभरात दीड मिनिटाचा आवाज आला. त्यातलं मी एवढंच ठेवलं: "तीन पावसाळे देवघरात बादली ठेवत होतो. याआधी दोघांनी पैसे घेऊन डांबर फासलं, म्हणून यांनाही पैसे देताना भीतीच वाटत होती. यंदा बादली काढलीच नाही." शब्द त्यांचेच, मी फक्त मधलं गाळलं. मग ते परत पाठवून दोनच गोष्टी विचारल्या: हे असंच टाकू का, आणि नाव पूर्ण लिहू की 'प्रतापनगर, नागपूर' एवढंच? त्यांनी पत्ता ठेवला, नाव नको म्हणाल्या. तसंच टाकलं.

तीन प्रश्नांतला दुसरा, धाकधुकीचा प्रश्न कधीही गाळू नका. नवीन गिऱ्हाईक कौतुक वाचत नाही, स्वतःच्या मनातली भीती शोधतं. काकूंची 'डांबर फासलं' ही ओळ वाचून मला तीन फोन आले, आणि तिघांनीही आधी त्याच ओळीचं नाव काढलं.

तुमचं काम काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वेळ तशीच शोधा. स्वयंपाकघर करत असाल तर हवाली केल्याच्या दिवशी मागू नका, दिवाळीचा फराळ त्या ओट्यावर होऊन जाऊ द्या. हिशेबाचं काम असेल तर रिटर्न भरल्यावर नाही, रिफंड खात्यात आल्यावर. आलेला अभिप्राय चालेल की नाही ते असं बघा: त्यातलं तुमचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी तो खरा वाटतो का? वाटत असेल तर एकच उपप्रश्न विचारा, "एखादा प्रसंग आठवतो का?"

उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एकदा आठवण, मग सोडून द्या. भाऊजी चार-चार फोन करायचे. त्यातल्या एका घराकडून पुन्हा काम आलं नाही, असं माझं ठाम मत आहे की त्यामुळेच, ते मानत नाहीत.

एक राहिलं. हे सगळं स्वतःच्या वेबसाइटवर किंवा कोटेशनसोबत द्यायच्या मजकुराबद्दल आहे. गूगलवरचा रिव्ह्यू क्लायंटनं स्वतःच्या खात्यातूनच लिहायचा असतो, तिथे तुम्ही फक्त लिंक पाठवा. आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. पन्नाशी-साठीच्या लोकांना बोलून पाठवणं सोपं जातं, पण कंपनीतल्या माणसाला बोलायला संकोच वाटतो, त्याला तेच तीन प्रश्न ईमेलवर पाठवा आणि प्रत्येकाखाली एक ओळ पुरे असं लिहा. भाऊजींचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो: काही जण खरंच म्हणतात, तुम्हीच लिहा. त्यांनाही मी मजकूर लिहून देत नाही. फोन लावतो, तेच तीन प्रश्न विचारतो आणि ते बोलतील ते समोर वहीत उतरवतो.