तीन खाडे झाले की फोन

प्रश्न: अमळनेरला माझा लहान फिटनेस स्टुडिओ आहे, हजार स्क्वेअर फुटांचा. समोरच मोठी जिम उघडली. त्यांच्याकडे मशिनी जास्त आणि वर्षाची ऑफर स्वस्त. मला मशिनी आणि दरपत्रकापेक्षा 'आपली माणसं' या मुद्द्यावर ब्रँड उभा करायचाय. बोर्डवर नेमकं काय लिहू?

उत्तर:

भाऊ, मी धुळ्यात बोर्ड रंगवण्यापासून दुकानांची नावं-ओळख ठरवून देण्यापर्यंतची कामं करतो. 'आपली माणसं', 'एक कुटुंब' हे शब्द मी स्वतः कितीतरी फ्लेक्सवर छापलेत, आणि त्या शब्दांमुळे एकही गिऱ्हाईक आलेलं पाहिलं नाही. कारण ते खोटं ठरवताच येत नाही. वचन असं पाहिजे, की तुम्ही मोडलं तर मेंबर काउंटरवर येऊन 'तुम्ही बोलला होता, केलं नाही' असं म्हणू शकेल.

देवपुरातल्या एका ताईंच्या स्टुडिओचं काम केलं, त्याचंच सांगतो. त्यांनी मला आधी लोगो मागितला. मी म्हटलं, आधी जुनी वही काढा. गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांपैकी वीस जणांना फोन केले आणि एकच विचारलं: शेवटचा दिवस कोणता होता, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं? ट्रेडमिल कमी पडली असं म्हणणारे दोनच निघाले. बाकीच्यांची गोष्ट जवळपास सारखीच होती. भाचीचं लग्न, ताप, पोराची परीक्षा यात आठ-दहा दिवस गेले. मग परत जायची लाज वाटली. 'सगळे पुढे गेले असतील', 'सर टोमणा मारतील'. एकाने तर गल्ली बदलली होती, स्टुडिओसमोरून जायला नको म्हणून.

म्हणजे माणूस सुटतो तो खाड्यात. तालमीत न जाणाऱ्याला संध्याकाळी चौकात कुणीतरी हटकायचंच. पैसे भरून जायच्या जिममध्ये ते उरलं नाही. तेच ताईंचं वचन झालं: तीन खाडे झाले की तुमच्या बॅचमधून फोन येईल, आणि परत आलात त्या दिवशी कुणी हिशेब विचारणार नाही.

बोर्डवर नावाखाली एवढंच लिहिलं: 'काबर उनात नही?', म्हणजे का आला नाहीत. आधी मी 'काबर उना नही भो' लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, निम्म्या बाया आहेत माझ्याकडे, त्यांना कोण विचारणार? बरोबर होतं, म्हणून आदराचं 'उनात' घेतलं. अमळनेरला ही अहिराणी चालेल; भुसावळ-रावेरकडे लेवा बोली, तिथे हेच वाक्य परकं वाटलं असतं. तुम्ही हे उचलू नका, तुमच्या बॅचमध्ये लोक एकमेकांना जे म्हणतात ते कान देऊन ऐका.

आता खरं काम. हे वचन पाळायचं तर मेंबरांची संख्या बांधावी लागते. ताईंच्या पाच बॅच, प्रत्येकी चौदा जण, म्हणजे सत्तर. एवढ्यात रोज चार-पाच जणांचा तिसरा खाडा पडतो, फोन दोन-तीन मिनिटांचा. ते जमतं. दोनशे मेंबर झाले की फोन राहून जातात, आणि बोर्डवरचं वाक्य लोकांच्या चेष्टेचा विषय होतं. दारात सत्तर खिळे आणि पत्र्याचे सत्तर बिल्ले लावले, कारखान्यात हजेरीला असतात तसे. आलात की आपला बिल्ला उलटायचा. आठवड्यातच असं झालं की फोनच्या आधी बॅचमधलेच विचारायला लागले, 'आप्पांचा बिल्ला कालपासून तसाच आहे.' न येण्याचं कारण मात्र भिंतीवर कधी लिहायचं नाही. कुणाचं आजारपण असतं, कुणाचं घरचं भांडण.

दुसरं, वर्षाची ऑफर बंद. इथे ताई अडून बसल्या होत्या, एकदम पैसे हातात येतात ना. पण वर्षाचे पैसे आधीच घेतलेल्या जिमला माणूस न आलेलाच परवडतो, गर्दी कमी होते. 'काबर उनात नही' विचारायचं आणि न येण्यावरच कमवायचं, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. मग महिन्याला बाराशे आणि तीन महिन्यांचे तेहतीसशे, एवढेच दोन दर ठेवले. आणि दर लपवायचे नाहीत. फोनवर कुणी विचारलं तर पहिल्याच वाक्यात सांगायचे. बोर्डवर नाहीत इतकंच.

तिसरं काम ट्रेनरचं, त्याच्याशिवाय बाकी सगळं रंगकाम. पंधरा दिवसांनी आलेल्या माणसाने जुन्याच वजनाने सुरुवात केली तर एक-दोन दिवसांत अंग असं धरतं की तो पुन्हा आठवडाभर येत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी उतरत नाही, पण सवय सुटलेल्या स्नायूंना तेच वजन जास्त दुखवतं. म्हणून 'परतीचा दिवस' ठरवला: वजन जुन्याच्या निम्मं, प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट, आणि वजनकाट्यावर उभं करायचं नाही. आठवडाभरात हळूहळू जुन्या वजनावर. तापातून उठलेल्याला त्याहून सावकाश, आणि छातीत दुखणं किंवा धाप असेल तर आधी डॉक्टर.

बिघडलं तेही सांगतो. दुसऱ्या महिन्यात काउंटरवरच्या मुलाने खाड्याचा फोन आणि फीचा तगादा एकत्र केला: 'सर, आला नाहीत, आणि फी पण बाकी आहे.' पंधरा दिवसांत लोकांनी तो नंबर उचलणं सोडलं. फोन केले तर उलट नुसता 'कामात आहे' असा मेसेज येऊ लागला, तेव्हा आम्हाला समजलं. आता फीची आठवण फक्त मेसेजने, ऑफिसच्या नंबरवरून; खाड्याचा फोन बॅचमधल्याच ठरलेल्या माणसाच्या नंबरवरून, आणि त्यात पैशाचा शब्द नाही. तशीच चूक बायकांच्या बॅचमध्ये झाली. पुरुष ट्रेनरचा फोन दुपारी घरी गेला, सासूबाईंनी उचलला, आणि त्या ताईंचं येणंच बंद झालं. तेव्हापासून नाव लिहितानाच विचारून ठेवतात: फोन कुणी केलेला चालेल आणि किती वाजता. बायकांच्या बॅचमध्ये फोन बॅचमधल्याच एक मावशी करतात, आणि त्यांना नकार द्यायची कुणाची हिंमत नाही.

याने सगळे धरून राहतात असं नाही. आखाजीच्या आगेमागे लग्नं, मे महिन्याचं ऊन, यात हजेरी पडणारच; ताईंनी तेव्हा सकाळची बॅच सव्वापाचला आणली. स्पर्धेसाठी शरीर बनवणारी पोरं तुमच्याकडे टिकणार नाहीत, त्यांना खरंच मशिनी लागतात. त्यांना समोरच्या जिमचं नाव सांगून मोकळे व्हा. चाललंय की नाही हे नव्या ॲडमिशनवरून बघू नका. वहीत एकच गोष्ट मोजा: या महिन्यात ज्यांचा आठवड्याचा खाडा पडला, त्यातले पुढच्या महिन्यात किती दिसतात. वचन लावण्याआधीच्या दोन महिन्यांचा आकडाही जुन्या हजेरीवरून काढून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार.

फ्लेक्सची ऑर्डर दिली असेल तर थांबवा आणि आधी ते वीस फोन करा. स्वतः करा, ट्रेनरला लावू नका. आणि शेवटी 'मग परत या ना' म्हणू नका. ते म्हटलं की समोरचा मोकळं बोलायचं सोडून कारणं द्यायला लागतो.