‘कोपर वर’ऐवजी ‘टप’

“मॅडम, माझी मुलगी 11 वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. चूक सांगितली की डोळ्यात पाणी, आणि नाही सांगितली तर तीच चूक पुन्हा पुन्हा. मी रागवून नाही बोलत, समजावूनच सांगतो, तरी म्हणते मला येतच नाही. सांगायचं तरी कसं?”

हे विचारणारे बाबा नागपूरचेच, मुलीला रोज सकाळी 6 च्या बॅचला स्वतः गाडीवर घेऊन येणारे. मी त्यांना म्हटलं, आधी मला एक दिवस नुसतं बसून बघू द्या, आणि त्यांच्या परवानगीने एका सकाळी हॉलवर जाऊन बसले. मे महिना, कूलर बंद, कारण हवेने शटल सरकतं, त्यामुळे पोरं सात वाजताच घामाने भिजलेली. मी वहीत फक्त एकच गोष्ट लिहीत होते, त्या पोरीला कोणी काय सांगितलं ते. 40 मिनिटांत 63 सूचना झाल्या. कोपर वर, मागे जा, पाय, पाय हलव, बघ शटलकडे, घाई नको, लवकर. शेवटचे दोन तर एकाच रॅलीत. साधारण निम्म्या कोचच्या होत्या, निम्म्या गॅलरीतून बाबांच्या. आणि खरंच, आवाज कोणाचाच चढलेला नव्हता, बाबा म्हणत होते ते अगदी खरं होतं.

पण पोरगी काय करत होती ते बघा. पॉइंट गेला की ती शटल उचलायच्या आधी गॅलरीकडे बघायची. बोटांनी रॅकेटच्या तारा सरळ करायची, ज्या आधीच सरळ होत्या, आणि बाबांचं बोलणं संपेपर्यंत सर्व्हिस करायची नाही. मला सगळ्यात आधी हेच खटकलं. तिच्या डोक्यात पुढचा पॉइंट नव्हताच, मागचा बरोबर होता का चूक याचा निकाल ती बाबांच्या चेहऱ्यावर शोधत होती. आणि बाबा मधूनच “छान!” म्हणायचे तेव्हाही तिचे खांदे वरच. नंतर तिनेच मला सांगितलं, “ताई, बाबा छान म्हणतात ना, मग लगेच ‘पण’ येते.” छान खेळलीस पण, मस्त मारलंस पण. आपल्याला वाटतं आपण कौतुकात गुंडाळून सांगतो, लेकरू फक्त ‘पण’ची वाट बघत असतं.

चूक काय होती तर तिचा मागून मारलेला क्लिअर समोरच्या बेसलाइनपर्यंत जातच नव्हता, अर्ध्या कोर्टात पडायचा आणि समोरची पोरगी स्मॅश मारायची. कोपर खाली राहायचं हे अगदी स्पष्ट दिसत होतं, मलाही दिसलं, आणि म्हणून पहिल्या दिवशी मीही तीच चूक केली. मी कोचना म्हटलं 63 ऐवजी एकच शब्द ठेवू, ‘कोपर’. दोन दिवसांत तिचा हात लाकडासारखा झाला, क्लिअर आधीपेक्षाही खाली. तिला आता शटल दिसतच नव्हतं, कोपर दिसत होतं.

यामागचं कारण खेळाच्या मानसशास्त्रात ओळखीचं आहे. 1998 साली गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्की-सिम्युलेटरवर शिकणाऱ्या लोकांपैकी काहींना स्वतःच्या पायांवर लक्ष द्यायला सांगितलं आणि काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांवर. चाकांवर लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. फरक एवढासाच, पण स्वतःच्या अवयवावर लक्ष गेलं की जी हालचाल आपोआप व्हायची तिच्यात आपण लुडबूड करतो. म्हणून शब्द निवडायचा तर कोपर, मनगट, गुडघा असा शरीराच्या भागाचा शक्यतो नको.

मग आम्ही शब्द बाजूला ठेवला आणि प्रश्नाकडे वळलो. इथे थोडं थांबून सांगते, कारण “प्रश्न विचारा” म्हटलं की बहुतेक आईबाबा विचारतात “काहून मागे जाऊन नाही राहिली तू?” हा प्रश्न नाहीच, हा आरोप आहे, शेवटी फक्त प्रश्नचिन्ह लावलेला, आणि त्याचं उत्तर लेकराकडे एकच असतं, “माहीत नाही.” ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मी पूर्ण बंद करायला सांगते. कुठे, केव्हा, किती, पुढे की मागे, असं विचारायचं, म्हणजे ज्याचं उत्तर तिला तिच्या अंगाने कळतं, विचार करून शोधावं लागत नाही. आणि उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल आणि ते तिच्या तोंडून काढून घ्यायचं असेल तर तोही प्रश्न विचारू नका, मुलांना ते ताबडतोब कळतं, आपली परीक्षा चालू आहे म्हणून.

कोच 10 शटल फीड करणार, ती क्लिअर मारणार, आणि मारल्या मारल्या मोठ्याने फक्त एक शब्द म्हणणार: ‘पुढे’ किंवा ‘मागे’. म्हणजे शटल रॅकेटला लागलं तेव्हा ते डोक्याच्या पुढे होतं की मागे. चांगलं-वाईट काही नाही, कोच गप्प, बाबा गप्प. पहिल्या दहात तिने सात वेळा ‘मागे’ म्हटलं, आणि कोच नंतर मला म्हणाले की सातही बरोबर होते. म्हणजे पोरीला कळत होतं! ज्या पोरीला आम्ही सगळे सांगत सुटलो होतो तिला स्वतःला सगळं जाणवत होतं, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दहानंतर कोचनी विचारलं, “जे तीन पुढे लागले, त्या वेळेस काय वेगळं होतं?” ती बराच वेळ बोलली नाही. बाबांच्या तोंडात उत्तर आलेलं होतं, मी त्यांच्या हाताला हात लावला. ही शांतता मोठ्यांना फार जड जाते, मी मनात दहापर्यंत मोजायला सांगते. मग ती म्हणाली, “सर, तेव्हा मी आधीच निघाली होती. बाकीच्या वेळेस मी माझं शटल कुठं पडते ते पाहून राहिली होती.”

हे आमच्यापैकी कोणालाच दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळे कोपराकडे बघत होतो. ती स्वतःचा शॉट मारून झाल्यावर उभी राहून त्याच्याकडे बघायची, म्हणून पुढच्या शटलला उशिरा निघायची, उशिरा पोहोचली की शटल डोक्याच्या मागे गेलेलं, आणि मागे गेलेल्या शटलला मारायचं तर कोपर खाली येणारच. कोपर हा परिणाम होता. त्याला कितीही वर करा, पाय उशिराच निघत होते. मला विचाराल तर प्रश्न विचारायचा खरा उपयोग हाच, लेकराला गोड वाटावं हा नाही, तर चूक नेमकी कुठे सुरू होते ते शोधणं, आणि ती जागा बऱ्याचदा खेळणाऱ्यालाच आतून माहीत असते.

मग शब्द. समोरचा मारतो त्याच क्षणी पायांवर छोटी उडी घेऊन तयार राहायचं, कोच लोक त्याला स्प्लिट स्टेप म्हणतात. कोचनी उडी दाखवली, तोंडाने काही न सांगता, तीन-चार वेळा. मी विचारलं, “ह्याला तू काय म्हणशील?” ती म्हणाली “टप.” झालं, तोच शब्द. ‘उशीर नको’ असा नकार त्यात नाही, शरीराचा भाग नाही, एका श्वासात म्हणता येतो, आणि मुख्य म्हणजे तिचा आहे. आता कोचही तेवढंच म्हणायचे, तेही रॅली संपल्यावर, आणि दर वेळेस नाही. आम्ही ठरवलं की पाच रॅलीत जास्तीत जास्त एकदा. दर शॉटनंतर कोणी सांगत राहिलं तर मूल सांगणाऱ्यावरच अवलंबून राहतं, आणि मॅचमध्ये ते एकटं पडलं की काहीच सुचत नाही.

मोजमाप म्हणून बेसलाइन आणि तिच्या आतली डबल्सची लाइन यांच्यामधला पट्टा घेतला, 76 सेंटीमीटरचा, 10 पैकी किती क्लिअर त्यात पडतात. सुरुवातीला 2 पडायचे, तीन आठवड्यांनी 5. कोपर कोणीही न सांगता वर आलं. मॅचमध्ये मात्र अजून तिसरा-चौथाच धड जायचा, आणि ते मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, सरावातलं मॅचमध्ये उतरायला वेळ लागतो.

सगळ्याच गोष्टी विचारून शिकवायच्या नसतात हेही सांगते. ग्रिपच चुकीची धरली असेल, नवीन मूल असेल, तर सरळ हातात रॅकेट नीट धरून द्या, तिथे प्रश्न विचारणं म्हणजे त्याला उगाच अडकवणं. खांदा दुखतो म्हणाली, बुटाचा सोल निघाला, तर लगेच थांबवा, स्पष्ट सांगा. मॅचमध्येही टेक्निकचा प्रश्न नको. 21 च्या गेममध्ये 11 ला 60 सेकंदांचा ब्रेक मिळतो, त्यात पाणी, श्वास, आणि खेळाबद्दल एकच प्रश्न, “तिचे शटल जास्त कुठं पडून राहिले?” मग तिचा शब्द. त्याहून जास्त त्या वेळात डोक्यात जात नाही. आणि पोट दुखणं, झोप न लागणं, शाळेतही गप्प होणं असं दिसायला लागलं तर प्रश्न शॉटचा राहिलेला नाही, मग खेळ थोडा बाजूला ठेवून डॉक्टरांना आणि समुपदेशकाला भेटा.

बाबांसाठी सगळ्यात अवघड होतं घरी जातानाचं. गाडीवर पोरगी मागे बसलेली, ऐकण्याशिवाय तिला इलाज नाही, आणि यांना नेमकं तेव्हाच सगळं आठवायचं. आम्ही ठरवलं की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर प्लेट रिकामी होईपर्यंत खेळाचा विषय बाबांनी काढायचा नाही, तिने काढला तर ठीक. पहिले चार दिवस दोघंही गप्प, बाबा मला फोन करून म्हणाले, “मॅडम, हे तर आणखी कठीण होऊन राहिलं.” मी म्हटलं, राहू द्या.

जुलैत तिची स्पर्धा झाली. दुसऱ्या राउंडला तीन गेममध्ये हरली. रडली, थोडी. बॅडमिंटनपटू मालविका बनसोड आपल्या नागपूरची, तिचा फोटो हिच्या किटबॅगवर चिकटवलेला, त्यावर हात फिरवत बसली. बाबा काही बोलले नाहीत. ठेल्यावर अर्धे पोहे झाल्यावर तीच म्हणाली, “बाबा, तिसऱ्या गेमला मी टप लय लवकर करून राहिली होती. ती मारायच्या आधीच. मग पाय जमिनीलाच चिकटायचे.”

बाबांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “किती आधी?”

ती उठून ठेल्यासमोरच त्यांना करून दाखवायला लागली.