गोल कुलूप म्हणजे डिस्कचं कुलूप नव्हे

प्रश्न: कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या गोडाऊनच्या शटरसाठी भावानं तीन कुलपांचे फोटो पाठवलेत. एक पितळी, एक गोल स्टीलचं, एक नंबरांचं. यात लिव्हरचं कुठलं, डिस्कचं कुठलं आणि आत नक्की काय चालतं?

उत्तर: पितळी कुलपावर ‘७ लिव्हर्स’ असं कोरलंय, म्हणजे ते लिव्हरचं. आत पातळ पट्ट्यांची चवड असते, प्रत्येक पट्टीला खाच आणि मागून स्प्रिंगचा दाब. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की खटक्याची खुंटी त्यातून सरकते. एखादी पट्टी कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. नुसत्या सातच्या आकड्यावर जाऊ नका. किल्लीच्या टोकाकडच्या पायऱ्या पाहा. त्या जवळजवळ एकाच उंचीच्या असतील, तर सात पट्ट्या असूनही फारसा उपयोग नाही.

फसगत होते ती गोल कुलपात. दुकानात त्याला डिस्क म्हणतात, पण ते बाहेरच्या आकारामुळं. कडी बॉडीत बरीचशी लपते, त्यामुळं कटर लावायला जागा मिळत नाही, हा त्याचा खरा फायदा. आत काय आहे ते किल्ली सांगते. तुमच्या फोटोत शेजारी पडलेली किल्ली चपटी आहे आणि एकाच कडेला करवतीसारखे दाते आहेत. म्हणजे आत बहुधा साध्या पिना आहेत, ज्या स्प्रिंगवर वरखाली होतात.

खऱ्या डिस्कच्या कुलपाची किल्ली बहुतेक वेळा अर्धगोल दांड्यासारखी असते. तिच्यावरचे काप वेगवेगळ्या कोनांत तिरके असतात आणि भोकही अर्धचंद्रासारखं दिसतं. आत चकत्या असतात. किल्ली फिरली की प्रत्येक चकती आपापल्या कोनापर्यंत फिरते, खाचा जुळल्या की बाजूची सळई त्यांत बसते आणि कुलूप मोकळं होतं. ही पद्धत १९०७ साली फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन यांनी काढली. चकत्यांना स्प्रिंग नसते, म्हणून गंजानं स्प्रिंग अडकायचा प्रश्न कमी. आपल्याकडचा पावसाळा आणि २०१९ च्या पुरानंतरचा चिखल आठवत असेल, तर हा मुद्दा शटरला महत्त्वाचा.

नंबरांच्या कुलपाचं थोडक्यात. प्रत्येक चाकाला एक खाच, सगळ्या रांगेत आल्या की कडी सुटते. चार चाकं म्हणजे १०,००० जोड्या, तीन असती तर फक्त १,०००. तरी बऱ्याच स्वस्त कुलपांत चाकं सैल असतात आणि खाच हाताला जाणवते. ते बॅगेला ठीक, शटरला नको.

फोटोवरून धातूचा कस किंवा पट्ट्यांची जाडी कळत नाही. भावाला म्हणा, गोल कुलपाचं भोक समोरून आणि किल्ली दोन्ही बाजूंनी, असे फोटो पाठव. किल्ली चपटीच निघाली, तर कडीसाठी म्हणून ते घ्या, डिस्कचं समजून जादा पैसे देऊ नका.