हेल्थ चेकअप पॅकेजच्या कॅप्शनमध्ये काय लिहावं?

प्रश्न: परभणीत आमची लॅब आहे. पॅकेजची पोस्ट टाकायचीय. लोकांना न घाबरवता तपासण्या कशा सांगू?

उत्तर: तपासणीपुढे आजाराचं नाव टाकू नका, ती काय मोजते ते लिहा. मी असं लिहीन:

"सीबीसी: हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी किती आहेत. उपाशीपोटी साखर: त्या सकाळची पातळी. एचबीए१सी: गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. क्रिएटिनिन: किडनीच्या कामाचा अंदाज. येण्याआधी ८ ते १० तास काही खाऊ नका, चहाही नको. साधं पाणी चालेल. शुगरची गोळी चालू असेल तर आधी फोन करून विचारा. रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवा."

चहाचं मुद्दाम लिहा. खेड्यातून पहिल्या एसटीनं आलेला माणूस स्टँडवर साखरेचा चहा घेतोच, आणि मग उपाशीपोटीचा आकडा कामाचा राहत नाही.

साखरेच्या दोन तपासण्या कशाला, असं लोक विचारतील. एचबीए१सी एका दिवसाच्या जेवणानं हलत नाही. पण लोह कमी असेल तर ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. समजा एका बाईंचं हिमोग्लोबिन ८.५, उपाशीपोटी साखर ९२ आणि एचबीए१सी ६.१ आलं. नुसत्या ६.१ वरून कुणीही 'शुगरची सुरुवात' म्हणेल. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की डॉक्टर आधी रक्तातलं लोह बघतील. पॅकेजमध्ये सीबीसी का आहे, हे याच भाषेत सांगा.

आणि '६० तपासण्या' असा मोठा आकडा नको. एका सीबीसीतच वीसेक आकडे निघतात, ते वेगळे मोजणं बरोबर नाही.