डोकं कापायचं, पण कुठल्या शब्दाचं?

«‘माकडाचं डोकं गेलं की उरतो पुरुष (२)’ या शब्दकोड्यातल्या सूचनेचं उत्तर ‘नर’ छापून आलंय. माकडाचं ‘मा’ काढलं की ‘कड’ राहतं. दोन अक्षरं झाली, शब्दही खरा आहे. मग ‘नर’ आला कुठून?»

‘वानर’मधून. डोकं उडवायचं ते सूचनेत छापलेल्या शब्दाचं नसतं, बहुतेक वेळा त्याच्या समानार्थी शब्दाचं असतं. ‘कड’ बाद होतो कारण त्याचा अर्थ सूचनेत कुठेच नाही. व्याख्या सूचनेच्या एका टोकाला असते, इथे शेवटी: पुरुष.

मीही पूर्वी या ‘कड’वरच अडून बसायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी घरं मोजा. उत्तर दोन अक्षरांचं आणि एकच अक्षर जाणार, म्हणजे मूळ शब्द तीन अक्षरी हवा. माकडाचे तीन अक्षरी प्रतिशब्द असून असून किती असणार? त्यातला एक कापून ‘पुरुष’ मिळतो का, एवढंच पाहायचं. ‘शेपूट नसलेलं तुफान म्हणजे भांडण (२)’ इथेही तेच: तुफान म्हणजे वादळ, ‘ळ’ गेला, राहिला वाद. पोट रिकामं करायचं असेल तर मधलं अक्षर जातं. ‘आतून पोकळ पक्षी, रंग तोच (२)’ याचं उत्तर काळा, कावळ्यातला ‘व’ काढून. ही सूचना मला फार आवडते, कारण कापल्यानंतरही कावळा काळाच राहतो. उभ्या शब्दांत डोक्याऐवजी ‘वरचं’ आणि शेपटीऐवजी ‘पाय’ येतात, तेवढं लक्षात ठेवा.

न छापलेल्या शब्दाची अक्षरं उलटीपालटी करायला लावणं इंग्रजी गूढ कोड्यांत अन्यायाचं मानतात, पण न छापलेला शब्द कापणं चालतं. मला हे पटतं. कापताना अक्षरांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे उलट दिशेनेही पडताळता येतं: ‘नर’च्या आधी कोणतं अक्षर लावलं की माकड होईल?

मात्र कुठलं अक्षर गेलं ते सूचनेनं सांगितलंच पाहिजे. ‘पांघरुणातलं एक अक्षर हरवलं’ असं मोघम लिहिलं की चादरीतून दरही निघतो आणि चारही. व्याख्या नेमकी असेल तर निभावतं, तरी मी अशा सूचनेला आळशीच म्हणेन. (काही चांगले कोडंकार हे सर्रास करतात. त्यांचा अनादर नाही, माझं मत सांगतोय.)

आता मला सर्वात महाग पडलेली गोष्ट. मराठीत एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. म्हणून अक्षराऐवजी नुसता काना किंवा वेलांटी गेली, तर घरांची संख्या बदलतच नाही आणि वरची मोजणी कुचकामी होते. एका नियतकालिकाच्या बक्षिसाच्या कोड्यात सूचना होती: ‘मृत्यू आणि वेदना, मध्ये एक काना गळाला (२)’. मृत्यू म्हणजे काळ, काना गळाला की कळ. पण उत्तर कोणतं, कापण्याआधीचं की नंतरचं? दोन्ही दोन अक्षरी, आणि आडवा-उभा छेद नेमका ‘ळ’वरच. मी कळ लिहिलं, छापून आलं काळ. बाकी सगळं कोडं बरोबर असताना या एका घरावर बक्षीस गेलं. सविस्तर पत्र पाठवलं, दोन्ही वाचनं मांडून दाखवली. कोडे विभागाचं उत्तर एका ओळीचं: प्रसिद्ध झालेलं उत्तर अंतिम मानावं. चूक की बरोबर, यावर अवाक्षर नाही. बक्षिसाचं सोडा, सोडवणाऱ्यानं नेटानं विचारलेल्या शंकेला कारण द्यायचंच नसेल तर कोडी छापावीत कशाला? अजून राग येतो.

ती सूचना सुधारणं अवघड नव्हतं. ‘काना गळालेला मृत्यू म्हणजे वेदना’ लिहिलं असतं तर काना कोणाचा गेला हे स्पष्ट झालं असतं आणि उत्तर फक्त कळ उरलं असतं. किंवा छेद पहिल्या घरातून घ्यायचा, म्हणजे ‘का’ की ‘क’ ते दुसऱ्या शब्दानं ठरवलं असतं.

तेव्हा काना, मात्रा, वेलांटी जाणारी सूचना दिसली की गळतीचा शब्द कोणाला चिकटलाय ते पाहा. ज्याला चिकटलाय तो कापायचा, उरलेला अर्थ उत्तराचा. दोघांच्या मधोमध लोंबकळत असेल तर पेनानं लिहू नका, छेद देणारा शब्द सुटेपर्यंत त्या घरात पेन्सिलीनं दोन्ही पर्याय राहू द्या. जोडाक्षरांबाबत मात्र प्रत्येक कोडंकाराची पद्धत वेगळी असते. अर्धं अक्षर एकटं कापता येतं की नाही, हे त्याच कोडंकाराची जुनी उत्तरं पाहून ठरवा.